अण्णांच्या कात्रणातले चार लाख अमेरिकन

*नमस्कार. माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, वय ६८. वर्तमानपत्रातली आरोग्याची कात्रणं ते फ्रिजच्या दारावर लावतात. सध्या दोन आहेत. एकात म्हटलंय, 'रोज चार-पाच कप कॉफी, मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी कमी. चार लाख अमेरिकनांवर संशोधन'. दुसऱ्यात, 'अँटिऑक्सिडंटमध्ये कॉफी अव्वल, फळं मागे'. जन्मभर चहा प्यायलेला माणूस आता सकाळी उठल्याउठल्या थायरॉइडच्या गोळीबरोबर काळी कॉफी घेतो. दिवसभरात आणखी तीन कप होतात, शेवटचा संध्याकाळी सातच्या बातम्या बघताना. कॉफी त्यांना आवडतही नाही, औषध म्हणून पितात. मी काही बोलले की विचारतात, 'चार लाख लोक खोटं बोलतात का?' या बातम्यांमागचं संशोधन किती धरून चालायचं, आणि माझ्यासारखीने ते कसं ओळखायचं?*

*एक सून, नाशिक*

अण्णांना आधी हे सांगा की ते चार लाख लोक खोटं बोलले नाहीत, पण कॉफीने आयुष्य वाढतं असंही त्यांच्यापैकी कुणी म्हणालेलं नाही. त्यांनी एक प्रश्नावली भरून टपालाने परत पाठवली, बस्स. बाकीचं सगळं त्यानंतर इतरांनी काढलेलं अनुमान आहे, आणि ते अनुमान कुठवर टिकतं हाच खरा प्रश्न आहे.

१६ टक्के आणि चार लाख या दोन आकड्यांवरून तुमचं पहिलं कात्रण ओळखता येतं. हा अभ्यास २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या संशोधकांनी तो केला होता. जर्नल नामांकित, संशोधक सरकारी, विषय सगळ्यांच्या आवडीचा. त्यामुळे ती बातमी तेव्हा जगभर छापली गेली आणि अजूनही दर काही महिन्यांनी नवा मथळा लावून फिरते. अभ्यास मात्र खरोखर चांगला आहे. म्हणूनच तो उलगडून बघण्यासारखा आहे, कारण चांगल्या अभ्यासालाही कशाचं उत्तर देता येत नाही ते त्यातून दिसतं.

झालं असं की १९९५-९६ मध्ये अमेरिकेतल्या निवृत्तांच्या एका मोठ्या संघटनेच्या ५० ते ७१ वयाच्या सभासदांना सुमारे ३५ लाख प्रश्नावल्या पाठवल्या गेल्या. सहा लाखांच्या आसपास परत आल्या. म्हणजे सहातल्या पाच जणांनी पाकीट बाजूला टाकलं. लांबलचक आहार-प्रश्नावली चिकाटीने भरणारा माणूस एरवीही जरा नीटनेटका, तब्येतीची काळजी घेणारा असण्याची शक्यता जास्त, हे मनात राहू द्या. आलेल्यांतून ज्यांना आधीच कर्करोग, हृदयविकार किंवा पक्षाघात झाला होता अशांना वगळलं आणि ४,०२,२६० जण उरले. प्रश्नावलीत बऱ्याच गोष्टी विचारल्या होत्या, त्यात एक होती: तुम्ही कॉफी किती पिता? हे एकदाच विचारलं. मग २००८ संपेपर्यंत त्यांच्यातलं कोण कधी वारलं याची नोंद ठेवली. ५२,५१५ जण वारले. त्या एका उत्तराची आणि मृत्यूच्या नोंदींची सांगड घातली, हा झाला अभ्यास. १९९६ साली दोन कप पिणाऱ्याने १९९९ मध्ये कॉफी सोडली असली, तरी हिशेबात तो शेवटपर्यंत दोन कपांचाच राहिला.

इथे कुणीही कुणाला कॉफी दिली नाही आणि कुणाची तोडलीही नाही. जे प्यायचे ते पीत राहिले, जे प्यायचे नाहीत ते प्यायले नाहीत, आणि संशोधक बघत राहिले. अशा अभ्यासाला निरीक्षणात्मक अभ्यास म्हणतात. कुठलीही आरोग्याची बातमी हातात आली की सगळ्यात आधी हेच शोधायचं: लोकांना ती गोष्ट चिठ्ठ्या टाकून वाटून दिली होती, की ती त्यांनी आपापली निवडली होती? आपापली निवडली असेल तर निवडणारे आणि न निवडणारे मुळातच वेगळे असतात, आणि मग फरक कॉफीचा की माणसांचा हे सोडवत बसावं लागतं.

आता या अभ्यासातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. ती मथळ्यात कधीच येत नाही. संशोधकांनी आधी फक्त वय जमेस धरून हिशेब केला, तेव्हा कॉफी पिणारे न पिणाऱ्यांपेक्षा *जास्त* संख्येने मरत होते. त्याच चार लाख माणसांत, त्याच नोंदींत. तिथेच थांबले असते तर मथळा आला असता, 'कॉफी पिताय? सावधान!' आणि अण्णांनी तोही फ्रिजवर लावला असता.

याचं कारण सिगरेट. त्या पिढीच्या अमेरिकेत कॉफी पिणारे सिगरेटही जास्त ओढत. शिवाय दारू आणि लाल मांस जास्त, व्यायाम, फळं आणि भाज्या कमी. एका बाबीने उत्तर कसं उलटं होतं ते पाहण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. समजा कॉफी पिणाऱ्या १०० जणांत ४० सिगरेट ओढणारे आहेत आणि न पिणाऱ्या १०० जणांत फक्त १०. ओढणाऱ्यांपैकी १०० मागे ३० वारतात, न ओढणाऱ्यांपैकी १० वारतात, आणि कॉफीचा कुणावरच काही परिणाम नाही. कॉफीवाल्यांमध्ये ४० ओढणाऱ्यांतले १२ आणि उरलेल्या ६० मधले ६, असे १८ मृत्यू. न पिणाऱ्यांमध्ये १० मधले ३ आणि ९० मधले ९, असे १२. म्हणजे १२ च्या जागी १८. कॉफीने काहीही केलेलं नाही, तरी कागदावर तिने धोका दीडपट केला. हे टाळायचं तर ओढणाऱ्यांची तुलना ओढणाऱ्यांशीच आणि न ओढणाऱ्यांची न ओढणाऱ्यांशीच करावी लागते.

संशोधकांनी नेमकं तेच केलं, आणि बऱ्याच बारकाईने. कोण किती सिगरेट ओढतं, सोडली असेल तर सोडून किती काळ झाला, वजन, शिक्षण, दारू, व्यायाम, आहार, सगळं हिशेबात घेतलं. तेव्हा उत्तर उलटं झालं. रोज चार-पाच कप पिणाऱ्या पुरुषांमध्ये मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा १२ टक्के कमी आणि बायकांमध्ये १६ टक्के कमी. मथळ्यातले १६ ते हे. अण्णांना सांगायला हरकत नाही की तो आकडा बायकांचा आहे.

कुणी म्हणेल, मग झालं की! सिगरेटचा हिशेब केला, खरं उत्तर मिळालं. माझं म्हणणं इतकंच की एका बाबीच्या हिशेबाने जर अख्खं उत्तर 'जास्त'वरून 'कमी'वर जात असेल, तर ज्या बाबी प्रश्नावलीत आल्याच नाहीत किंवा अर्धवट आल्या, त्यांनी दहा-पंधरा टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. सिगरेट आता इथे संशयाच्या बाहेर आहे असं मानू, कारण आयुष्यात कधीच न ओढलेल्यांतही कॉफीचा हा संबंध दिसला. माझा संशय दुसरीकडे आहे: कॉफी *न* पिणाऱ्यांवर.

सगळी तुलना त्यांच्याशी आहे, म्हणून ते कोण आहेत हे विचारायला हवं. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकेत पन्नाशी-साठीचा माणूस कॉफी अजिबात पीत नाही, ही आपल्याकडे चहा अजिबात न पिण्यासारखी गोष्ट. काहींना धर्माने वर्ज्य, काहींना चव आवडत नाही. पण बरेच जण असे असणार ज्यांना पित्त होतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, रक्तदाब आहे, म्हणून डॉक्टरांनी किंवा स्वतःच्या पोटाने ती सोडायला लावली. तुमच्या ओळखीतल्या चहा सोडलेल्या चार माणसांची कारणं आठवून बघा. हृदयविकार आणि कर्करोगाचे रुग्ण वगळले होते हे खरं, पण साठीत माणसाला जेरीस आणणाऱ्या व्याधी तेवढ्याच नसतात आणि सगळ्यांचं निदानही झालेलं नसतं. दुखणं आधी आलं आणि त्यामुळे कॉफी गेली असेल, तर हिशेबात 'कॉफी नाही म्हणून मृत्यू' असं दिसतं, प्रत्यक्षात मात्र क्रम उलटा असतो.

याच अभ्यासात दोन खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर मी थबकतो. पहिली म्हणजे, कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार, श्वसनाचे आजार, पक्षाघात, मधुमेह आणि संसर्ग यांनी होणारे मृत्यू कमी होते, आणि त्यांच्या जोडीला अपघात आणि इजांनी होणारे मृत्यूही कमी होते. आता अपघाताशी कॉफीचा काय संबंध? एखादा म्हणेल, तरतरी राहते, गाडी चालवताना डुलकी लागत नाही. थोडंफार तसंही असेल. पण एकच पेय इतक्या वेगवेगळ्या कारणांच्या मृत्यूंवर जवळपास सारखाच परिणाम करताना दिसलं, की ते पेय काही करतंय यापेक्षा ते पिणारी माणसंच मुळात धडधाकट आहेत ही शक्यता मला जवळची वाटते. दुसरी खूण, कॅफीन काढून टाकलेली कॉफी पिणाऱ्यांतही संबंध साधारण तसाच दिसला. याचा अर्थ दोन्हीकडे लावता येतो. कॅफीन सोडून कॉफीतलं दुसरं काही उपयोगी असेल, किंवा उपयोग कपातल्या कशाचाच नसून कप हातात धरणाऱ्याच्या परिस्थितीचा असेल. हा अभ्यास त्यातलं एक निवडू शकत नाही. संशोधकांनी स्वतःच शोधनिबंधात लिहून ठेवलंय की हा संबंध कार्यकारणाचा आहे की नुसता सोबतीचा, ते आमच्या माहितीवरून ठरवता येत नाही. हे वाक्य गोषवाऱ्यातच आहे. बातमी करणाऱ्याला ते शोधायला कुठे खोल जावं लागलं नसतं.

१६ टक्के हा आकडाही जरा उकलून बघू, कारण टक्के कशाचे हे मथळा सांगत नाही. अभ्यासातल्या बायकांपैकी सुमारे १३ वर्षांत १०० मागे ११ जणी वारल्या. त्याच्या १६ टक्के म्हणजे दोनहून कमी. म्हणजे सगळं श्रेय कॉफीला दिलं तरी तेरा वर्षांत शंभरातल्या ११ ऐवजी साधारण नऊ मृत्यू. उरलेल्या ८९ जणी कॉफी पिऊन किंवा न पिता जिवंतच होत्या. याच गोष्टीकडे दुसरीकडूनही बघता येतं. मध्यमवयानंतर माणसाचा मृत्यूचा धोका वयाच्या प्रत्येक वर्षाबरोबर साधारण नऊ-दहा टक्क्यांनी वाढत जातो. त्यामुळे पुरुषांमधला १२ टक्क्यांचा फरक म्हणजे ६८ च्या अण्णांना ६६-६७ वर्षांच्या माणसाचा धोका मिळणं. तोही कॉफी हेच कारण असेल तर. वाईट नाही, पण न आवडणारं पेय रोज चार वेळा गिळण्याइतकं आहे का हे त्यांनी ठरवावं.

याच्यापुढे जाऊन कारणापर्यंत पोहोचायचे दोन रस्ते आहेत आणि दोन्ही लोकांनी चालून पाहिलेत. पहिला जनुकांचा. काहींना जन्मतःच अशी जनुकं मिळतात की त्यांच्याकडून कॉफी जास्त प्यायली जाते. जनुकं वाटली जातात तेव्हा कुणी सिगरेट ओढत नसतो आणि कुणाला पित्तही झालेलं नसतं, म्हणून ही निसर्गाने टाकलेली चिठ्ठी समजायची. कोपनहेगनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सुमारे ९५,००० डेन्मार्कवासीयांवर हे करून बघितलं. नुसत्या निरीक्षणात तिथेही माफक कॉफी पिणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. पण जनुकांमुळे जास्त कॉफी पिणारे आणि कमी पिणारे यांची तुलना केली तेव्हा फरक सापडला नाही. या पद्धतीलाही मर्यादा आहेत. जनुकांमुळे पडणारा फरक दिवसाला कपाच्या थोड्याशा भागाइतका असतो, त्यामुळे लहानसा फायदा तिच्या नजरेतून निसटू शकतो. तरी मोठा फायदा असता तर त्याची काही चाहूल लागायला हवी होती.

दुसरा रस्ता खऱ्याखुऱ्या प्रयोगाचा. चार लाख लोकांना तेरा वर्षं ठरवून कॉफी पाजणं किंवा तिच्यापासून तोडणं शक्य नाही, हे उघड आहे. पण छोटे प्रयोग होतात. २०२३ मध्ये अमेरिकेत १०० निरोगी माणसांना १४ दिवस रोज मोबाइलवर संदेश पाठवला, आज कॉफी प्या किंवा आज पिऊ नका, आणि त्यांच्या अंगावर हृदयाचे ठोके, पावलं आणि झोप मोजणारी यंत्रं लावली. कॉफीच्या दिवशी ते सुमारे हजार पावलं जास्त चालले, रात्री अर्ध्या तासाहून थोडं जास्त कमी झोपले, आणि हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येणारे जादा ठोके वाढले. आयुष्याबद्दल हा प्रयोग काही सांगत नाही. पण जे सांगतो ते कॉफीमुळेच झालं असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं, कारण कोणत्या दिवशी प्यायची हे चिठ्ठीने ठरलं होतं. शंभर माणसांचा हा प्रयोग या एका बाबतीत चार लाखांच्या अभ्यासाला भारी आहे. 'इतक्या लाख लोकांवर संशोधन' या शब्दांनी दडपून जायचं नाही ते यासाठी. माणसं वाढवली की योगायोगाने आलेली चूक कमी होते. तुलनाच वाकडी असेल तर ती लाखोंमध्येही तेवढीच वाकडी राहते.

दुसरं कात्रण. अँटिऑक्सिडंट म्हणजे पेशींची नासधूस रोखतात असं मानली जाणारी द्रव्यं. त्यांचे मथळे बऱ्याचदा २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासापर्यंत जाऊन पोहोचतात. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ जो विन्सन यांनी शंभराहून जास्त खाद्यपदार्थांमधले अँटिऑक्सिडंट मोजले आणि ते अमेरिकन माणूस किती खातो-पितो त्याने गुणले. यादीत कॉफी पहिली आली. पण ती पहिली आली ती मुख्यतः गुणाकारामुळे. अमेरिकन माणूस कॉफी भरपूर पितो आणि फळं बेताचीच खातो. नुसत्या एका वाढणीचा हिशेब धरला तर त्या यादीत खजूर वरचढ होता. म्हणजे बातमी कॉफीच्या थोरवीची कमी आणि अमेरिकेच्या ताटात फळं नसल्याची जास्त होती. विन्सन यांनी तेव्हाच बजावलं होतं की पदार्थात अँटिऑक्सिडंट जास्त आहेत म्हणून ते शरीरात तेवढे पोहोचतात असं नाही. अभ्यासाला पैसा कोको संशोधनाच्या एका संस्थेने दिला होता, यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचताना माहीत असलेलं बरं.

मुळात ही मोजणी परीक्षानळीतली आहे. कॉफीतलं क्लोरोजेनिक आम्ल तिथे छान काम करतं. पोटात गेल्यावर त्यातलं बरंचसं मोडतं, आतड्यातले जीवाणू त्याचं आणखी काही करतात, आणि रक्तात पोहोचतो तो वेगळाच ऐवज. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता संकेतस्थळावर ठेवला होता. तो त्यांनी २०१२ मध्ये काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दाखवणारा पुरावा नव्हता आणि कंपन्या मात्र ते जाहिरातीत वापरत होत्या. अँटिऑक्सिडंट जास्त म्हणजे चांगलंच, या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का फिनलंडमध्ये बसला होता. तिथे सिगरेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती, आणि १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा तो १८ टक्के जास्त निघाला. कॉफी म्हणजे बीटा कॅरोटीन नव्हे, त्यामुळे कॉफीला यात गोवू नका. पण 'अँटिऑक्सिडंट भरपूर' एवढ्या एका कारणावर कुणी काही खपवायला आलं, तर हा प्रयोग आठवावा.

आता तुमच्या 'कसं ओळखायचं'बद्दल. बातमीतून जर्नलचं किंवा विद्यापीठाचं नाव उचला आणि `PubMed` या वैद्यकीय शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर विषय आणि साल टाकून शोधा. अण्णांच्या कात्रणासाठी इतकं पुरेल:

```
coffee drinking total cause-specific mortality 2012
```

गोषवारा फुकट वाचता येतो, इंग्रजी फार कठीण नसतं. त्यात आधी 'कोहोर्ट' लिहिलंय की 'रँडमाइज्ड' ते बघा. कोहोर्ट म्हणजे नुसतं निरीक्षण, रँडमाइज्ड म्हणजे चिठ्ठ्यांचा प्रयोग. प्रयोग उंदरांवर किंवा पेशींवर असेल तर तेही तिथेच कळतं आणि पुढचं वाचायचे कष्ट वाचतात. मग शेवटची दोन वाक्यं वाचा. संशोधक तिथे बहुधा मथळ्यापेक्षा बरेच सावध असतात. मथळा फुगतो कुठे, याबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये ब्रिटनच्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासली. साधारण एक-तृतीयांश पत्रकांत कार्यकारणाचा दावा मूळ निबंधापेक्षा वाढवून केलेला आढळला. म्हणजे दर वेळी दोष वार्ताहराचा नसतो. त्याच्या टेबलावर येतानाच माल फुगलेला असतो. मग तो एका वृत्तसंस्थेतून दुसरीकडे जातो, मराठीत येतो, मथळ्याच्या जागेत बसावा म्हणून आणखी दोन शब्द गळतात, आणि गळतात ते नेमके 'कदाचित'च्या जातीचे.

एवढं सगळं झाल्यावर माझं स्वतःचं मत विचारलंत तर असं: हे निरीक्षणात्मक अभ्यास एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात, अमेरिकेत, युरोपात, वेगवेगळ्या वंशांत. त्यावरून ज्याला कॉफी आवडते आणि सोसते त्याने ती भिऊन सोडायचं कारण नाही, हे मी निःशंक सांगेन. ज्याला आवडत नाही त्याने आयुष्य वाढवायला ती सुरू करावी, असं सांगायला लागणारा पुरावा मात्र यात नाही. शिवाय अभ्यासातली कॉफी आणि अण्णांची कॉफी एकच आहे असंही धरू नका. अमेरिकन कप साधारण २४० मिलीलिटरचा आणि त्यात पूड नुसती कॉफीची. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते, कायद्याने ती ४९ टक्क्यांपर्यंत चालते. पाकीट उलटं करून बघा, प्रमाण छापलेलं असतं. चिकोरीत कॅफीन नसतं, आणि ती प्यायलेल्यांचा त्या चार लाखांच्या अभ्यासाशी काही संबंध नाही.

अण्णांच्या बाबतीत मला कात्रणांपेक्षा सकाळच्या गोळीची काळजी वाटते. थायरॉइडची गोळी बहुतेक वेळा लेव्होथायरॉक्सिनची असते, आणि कॉफीबरोबर घेतली तर ती आतड्यात कमी शोषली जाते. यात कसलाही मथळा नाही, पण पुरावा सरळ आहे. गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॉफी, चहा, नाश्ता काहीही किमान अर्ध्या तासाने, जमलं तर तासाभराने. कॉफी सुरू केल्यापासून त्यांची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना हा बदल सांगा आणि तपासणी कधी करायची ते विचारा. डोस स्वतःहून वाढवू-कमी करू नका. संध्याकाळी सातचा कपही बंद करायला सांगा. कॅफीनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे रात्री बारालाही त्यातलं अर्धं फिरत असतं. त्यांची झोप अलीकडे मोडत असेल तर आधी तिथे बघा. बाकीचे तीन कप ठेवायचे की पुन्हा चहाकडे वळायचं, हे त्यांच्या जिभेवर सोडा.